नखाएवढ्या जागेतली मराठी

व्हॉट्सॲपचा स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या चौकोनात काढतात. चित्रकाराच्या संगणकावर हा चौकोन तळहाताहून मोठा दिसतो, आणि काम करताना तो आणखी मोठा करून घेतलेला असतो. पाठवल्यावर तोच स्टिकर गप्पांमध्ये अडीच-तीन सेंटिमीटरचा होतो. पण त्याआधी तो निवडावा लागतो, आणि निवडायच्या खणात एका ओळीत चार-पाच स्टिकर बसवलेले असल्यामुळे तिथे तो जेमतेम दीड सेंटिमीटर उरतो. पाठवणाऱ्याला तो या नखाएवढ्या आकारात ओळखता आला नाही, तर तो पाठवलाच जात नाही. मराठी मजकुराचे बरेचसे स्टिकर इथेच मार खातात. चित्र झकास असतं, वाक्यही फक्कड असतं, पण दोन्ही भेटतात त्या जागी कुणी बसून पाहिलेलं नसतं.

गप्पांमध्ये असं चित्र पाठवायची पद्धत रुळली ती जपानमधल्या लाइन या ॲपमुळे, २०११च्या सुमारास. टेलिग्रामवर स्टिकर २०१५ साली आले, व्हॉट्सॲपवर ऑक्टोबर २०१८ मध्ये. तेव्हापासून आपल्याकडे गणपती, दिवाळी, वटपौर्णिमा, ‘जेवलास का’ आणि ‘काय राव’ असा सगळा माल तयार होत आला आहे. यातला पुष्कळसा घाईत केलेला असतो आणि घाईतच विसरला जातो. क्वचित कुणी मनापासून संच करतं, आणि प्रसिद्ध करण्याआधी दुसऱ्याला दाखवतं. असा दाखवलेला संच तपासायचा म्हणजे नेमकं काय पाहायचं, ते एका संचावरून सांगते.

मी अक्षरलेखनाचं काम करते. ओळखीतल्या एका तरुण चित्रकार मुलीने ‘काऊ’ नावाच्या कावळ्याचे २४ स्टिकर केले होते. व्हॉट्सॲपच्या एका संचात कमीत कमी ३ आणि जास्तीत जास्त ३० स्टिकर चालतात, म्हणजे अजून सहा जागा मोकळ्या होत्या. “ताई, एकदा नजर टाका ना,” म्हणून तिने सगळी चित्रं एका मोठ्या पानावर मांडून पाठवली. पान सुरेख होतं. ते मी बंद केलं आणि तिला म्हटलं, हेच सगळं स्टिकर करून पाठव. मोठ्या पानावर पाहिलेल्या स्टिकरबद्दल दिलेलं मत फारसं कामाचं नसतं. डोळ्याने एकदा मजकूर वाचला की पुढे लहान आकारातही तो ‘दिसतो’, कारण आता आपल्याला तो माहीत असतो. पहिली नजर एकदाच मिळते, ती मोठ्या चित्रावर वाया घालवू नये.

स्टिकर आले तेव्हा पहिला अडला तो ‘चिंता नको’.

चित्रात काऊ एका पायावर उभा होता, एक पंख छातीवर, डोळे मिटलेले. मजकूर तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता, किंचित तिरका, बारीक कुंचल्याचा. निवडायच्या खणात मी वाचलं, ‘चिता नको’. फोन शेजारी बसलेल्या आत्याकडे दिला, काही न सांगता. तिनेही तेच वाचलं, आणि वर कावळा पाहून म्हणाली, “शी, हे काय काढलंय!” चिंता आणि चिता यांच्यात एका टिंबाचं अंतर, हे जुन्या सुभाषितकारांनी सांगून ठेवलंय. इथे ते टिंब खरोखरच हरवलं होतं.

ते कुठे गेलं, हे मोजल्यावर कळलं. तिच्या चौकोनात अक्षराची उंची, म्हणजे शिरोरेषेपासून खालच्या टोकापर्यंत, साधारण ६० पिक्सेल होती. टिंबाची जाडी ९ पिक्सेल. ‘चिं’मध्ये टिंब वेलांटीच्या कमानीच्या अगदी कुशीत बसतं, आणि त्या दोघांत तिने ३ पिक्सेलची फट ठेवली होती. दीड सेंटिमीटरच्या स्टिकरमध्ये अक्षर उरतं पावणेदोन मिलिमीटरचं, आणि फट मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढीही नाही. फोनच्या पडद्यावर तिला एखादा ठिपका मिळतो, तोही करडा. कमान आणि टिंब एकजीव होऊन एक जरा जाड वेलांटी तयार होते. पाहणाऱ्याला अक्षर पुसट वाटत नाही, चुकीचं पण स्वच्छ वाचता येतं. तपासणीत सगळ्यात जपायचं ते याला. पुसट अक्षराकडे माणूस पुन्हा बघतो, चुकीचं पण स्पष्ट अक्षर तो वाचून मोकळा होतो.

देवनागरीचा सगळा पसारा तीन मजल्यांचा आहे. मधल्या मजल्यावर अक्षर, वर वेलांटी, मात्रा, रफार, टिंब, आणि खाली उकार. रोमन लिपीत बहुतेक काम मधल्या पट्ट्यात भागतं. वरची-खालची टोकं थोडी झिजली तरी शब्द ओळखू येतो. आपल्याकडे अर्थाचा मोठा वाटा वरच्या आणि खालच्या मजल्यावर राहायला असतो, आणि जागा कमी पडली की चित्रकार नेमके तेच मजले बुटके करतो. मधली अक्षरं ठसठशीत, आणि मात्रा मात्र शिरोरेषेवर चेपून बसवलेल्या. मोठ्या फलकावर हे शोभतं, लहान आकारात घात करतं. म्हणून मी तिला सांगितलं की अक्षर वाढवण्याआधी वरचा मजला वाढव.

तिने मग अक्षर ८४ पिक्सेलचं केलं, रेषा ९ वरून १४ वर नेली. वेलांटीची कमान उंच आणि मोकळी केली. टिंब २२ पिक्सेलचं, म्हणजे रेषेहून जाड, आणि कमानीपासून १२ पिक्सेल दूर, उजवीकडे सरकवलेलं. संगणकावर पाहताना ते टिंब बेढब दिसतं, कपाळावर मोठं कुंकू लावल्यासारखं, आणि चित्रकाराचा हात ते लहान करायला शिवशिवतो. फोनवर मात्र ते बरोबर मापाचं वाटतं. एवढं झाल्यावर ‘चिंता नको’ स्वच्छ वाचता आलं. तरीही आम्ही शेवटी ते काढून ‘टेन्शन नको’ केलं. पात्र कावळ्याचं असताना तो धोका कशाला पत्करायचा?

टिंब हरवतं तसं जोडाक्षर बुजतं. तिच्या संचात ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ असा एक स्टिकर होता, तीन ओळींचा. कडेला १६ पिक्सेलची जागा सोडावी अशी व्हॉट्सॲपची सूचना आहे, म्हणजे रुंदीला ४८० पिक्सेल उरतात. ‘वाढदिवसाच्या’ एवढ्यात बसवायचं तर अक्षर साठीच्या पुढे जात नाही. त्याला वरचा-खालचा मजला धरून एक ओळ शंभर-एकशेदहा पिक्सेलची होते. तीन ओळी म्हणजे चौकोनाचा दोन तृतीयांश भाग. काऊ बिचारा कोपऱ्यात चिमणीएवढा झाला होता. शिवाय ‘हार्दिक’चा रफार वरच्या ओळीला टेकत होता, आणि ‘शुभेच्छा’तला ‘च्छ’ एक काळा गोळा झाला होता, कारण ‘छ’च्या पोटातली पांढरी जागा रेषा जाड होताच भरून जाते.

अशा वेळी अक्षर लहान करण्यावर किंवा ओळी जवळ आणण्यावर बरीच मेहनत घेतली जाते. ती फुकट जाते. प्रश्न असा विचारायचा की यातलं किती चित्राने सांगितलंय? काऊच्या समोर केक होता, केकवर मेणबत्ती. वाढदिवस आहे हे लहान मुलालाही कळतं. मग ते शब्दात पुन्हा कशाला? ‘शुभेच्छा!’ एवढा एकच शब्द ठेवला तर अक्षर शंभर पिक्सेलच्या आसपास जातं, ‘च्छ’च्या पोटात हवा खेळते, आणि काऊला अर्धा चौकोन परत मिळतो. ‘हार्दिक’ गेल्याचं दुःख तिच्या वडिलांना झालं, असं तिने कळवलं. माझ्या मते संचातला तो सर्वांत सुधारलेला स्टिकर आहे. मजकुरात दोन शब्द, फार तर तीन, आणि शक्यतो एकच ओळ, असा अंदाज धरून चालावं; पण खरी कसोटी शब्दांच्या संख्येची नाही, चित्र जे सांगतंय ते मजकुराने पुन्हा सांगू नये ही आहे.

अर्ध्या स्टिकरांना तिने हाताने लिहिलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यांना कंटाळून फॉन्ट वापरला होता. हे मला न विचारता कळलं, कारण फॉन्टच्या स्टिकरांत शिरोरेषा तुटलेली होती. ‘भूक लागली’ मध्ये ‘ला’, ‘ग’ आणि ‘ली’च्या सांध्यावर उभ्या बारीक पांढऱ्या चिरा. याचं कारण साधं आहे. फॉन्टमध्ये शिरोरेषा अखंड नसते. प्रत्येक अक्षर आपल्या डोक्यावरचा तुकडा घेऊन येतं आणि तो शेजाऱ्याच्या तुकड्यावर किंचित चढतो, म्हणून आपल्याला ती सलग दिसते. स्टिकरसाठी मजकुराभोवती पांढरी किनार द्यावी लागते. ती तशीच चढवली की सॉफ्टवेअर प्रत्येक अक्षराला वेगळी किनार देतं, आणि जिथे तुकडे एकमेकांवर चढतात तिथे एकाची किनार दुसऱ्याला कापते. अक्षरांमधलं अंतर वाढवलं तरी असंच होतं, रेषेचे तुकडे सुटे होतात. रोमन लिपीत अंतर वाढवणं हा वाचनीयतेचा सोपा उपाय असतो, तो इथे उचलून आणता येत नाही. उपाय असा की मजकूर आधी आकारात बदलून घ्यायचा, सगळी अक्षरं जोडून एकसंध आकृती करायची, आणि मगच किनार द्यायची. किंवा मूळ शब्द वर तसाच ठेवून खाली त्याचीच जाड पांढरी प्रत सरकवायची. किनार बाहेरच्या बाजूलाच वाढली पाहिजे. आत वाढली तर ती अक्षराची रेषाच खाते.

त्याच ‘लागली’तला ‘ल’ हिंदी वळणाचा होता. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेचा निर्णय काढताना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ धरला. शाळेच्या पाटीवर आपण गिरवलेले तेच. कित्येक फॉन्टांत दोन्ही वळणं दडलेली असतात, सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी आहे एवढं निवडावं लागतं. वाचायला कुणाचं अडत नाही. पण ‘काऊ’ वऱ्हाडातल्या घरात लाडावलेला आहे, आणि त्याच्या तोंडचं अक्षर दिल्लीच्या पाटीवरून उतरवल्यासारखं दिसलं तर खटकतं. तिला हे लक्षात आणून दिल्यावर तिने सगळेच हाताने लिहायचं ठरवलं, ते उत्तम झालं.

रंगाबद्दल एकच सांगते. स्थिर स्टिकरची फाइल वेबपी प्रकारची आणि १०० केबीच्या आत असावी लागते. फाइल लहान करताना हा प्रकार उजेड-अंधाराचा तपशील बऱ्यापैकी जपतो, रंगाचा तपशील मात्र निम्म्यावर आणतो. निळ्या पंखावर लाल अक्षरं संगणकावर तडफदार दिसतात, फोनवर त्यांच्या कडा फेसाळतात, कारण लाल आणि निळा यांच्यात रंगाचा फरक मोठा असला तरी उजळपणाचा फरक थोडा असतो. हे ओळखायचं तर चित्र कृष्णधवल करून पाहावं. त्यात मजकूर उठून दिसला तर फोनवरही दिसेल.

आणि काऊ काळा आहे! फोनचा पडदा गडद ठेवणारे लोक आता पुष्कळ. त्यांच्याकडे काऊ पाठवला की अंधारात नुसते दोन डोळे आणि चोच तरंगायची. व्हॉट्सॲप स्टिकरभोवती ८ पिक्सेलची पांढरी किनार सुचवतं ती यासाठीच. तिने ती ‘चित्र बाळबोध दिसतं’ म्हणून काढली होती. परत घातली. संचाची ओळख म्हणून खाली एक चिमुकलं चित्र लागतं, ९६ बाय ९६ पिक्सेलचं. तिथे तिने ‘काऊ’ असं लिहिलं होतं. तिथे काहीच लिहू नये, नुसता चेहरा ठेवावा.

इथपर्यंतचं सगळं मोजता येतं. भावनेचं काम त्याहून अवघड, कारण तिथे चित्रकाराला स्वतःचा हेतू माहीत असतो आणि तो पुसता येत नाही.

पक्ष्याला ओठ नसतात. माणसाच्या चेहऱ्याचं हसू-रडू निम्मं तोंडावर असतं. चोच फक्त उघडते नि मिटते. मग चित्रकार भुवयांवर भार टाकतो. संगणकावर भुवई बोलते, नखाएवढ्या आकारात ती डोळ्यात मिसळते. उरतो तो देहाचा आकार: मान कुठे वळली, पंख वर की खाली, शेपटी ताठ की लोंबलेली. चित्र सगळं काळं भरून नुसत्या आकृतीवरून भाव कळतो का हे पाहायची जुनी परीक्षा आहे, आणि काऊ जन्मजात काळा असल्याने आमची ती फुकटात झाली. २४ पैकी सात काऊ एकाच ठेवणीत उभे होते, फक्त भुवया वेगळ्या. राग, विचार, कंटाळा, संशय, सगळ्यांची आकृती एकच. त्यांतला कंटाळा तिने उताणा पाडला, पाय वर करून, आणि तो एकदम जिवंत झाला. रागाला पिसं फुलवली.

मजकूर झाकून नुसतं चित्र दाखवायचं, मग चित्र झाकून नुसता मजकूर, हे दोन्ही करून पाहिलं. दोन्हीतून वेगवेगळे भाव निघाले तर स्टिकर फसला असं मात्र नाही. उपरोध तसाच तयार होतो. ‘वा, छान!’ आणि काऊने डोक्याला पंख लावलेला, हे मुद्दाम केलेलं आहे आणि कळतं. फसतो तो स्टिकर ज्यात दोन्हींपैकी एकही बाजू ठाम नसते. तिचा ‘बरं’ असा होता. काऊ सरळ उभा, किंचित बाजूला बघत, मजकूर ‘बरं…’. तिच्या मनात रुसवा होता. तिच्या मैत्रिणींना तो रुसवाच वाटला. तिच्या काकूंना वाटलं, मुलगी शहाण्यासारखी हो म्हणतेय. एखाद्या घरच्या ग्रुपवर यावरून संध्याकाळ बिघडू शकते. तिचा सगळा भरवसा त्या तीन टिंबांवर होता, आणि ती निवडायच्या खणात दिसतच नाहीत. विरामचिन्हावर भाव टांगू नये. आता दोन ‘बरं’ आहेत. एकात काऊ मान डोलावतो आणि पंखाने सलाम ठोकतो, दुसऱ्यात त्याने पाठ फिरवली आहे आणि फक्त शेपटी आपल्याकडे.

लोकांना दाखवताना ‘आवडलं का’ विचारून काही हाती लागत नाही. सगळे हो म्हणतात. आम्ही दोन गोष्टी विचारल्या. हा तू कुणाला पाठवशील आणि तो काय बोलल्यावर? आणि याला एक इमोजी लावायचा तर कोणता? व्हॉट्सॲपवर प्रत्येक स्टिकरला तीनपर्यंत इमोजी जोडता येतात, त्यामुळे तो प्रश्न तसाही सोडवावा लागतो. सगळ्यांची उत्तरं एका घरातली आली तर भाव स्वच्छ आहे. ‘हो का?’ला कुणी आश्चर्याचा चेहरा लावला, कुणी डोळे फिरवणारा, तेव्हा काऊची मान वाकडी करून तो संशयाकडे ढकलला. आणखी एक युक्ती चांगली चालली: फोन हातात देऊन सांगायचं, उशीर होतोय असं कळवायचंय, यातला शोध. बोट ज्या स्टिकरांवरून नुसतं सरकत जातं, तिथे काम बाकी आहे.

मग आला ‘जेवायला या’. केळीच्या पानावर भात, वर वरण, बाजूला काऊ चोच उघडून उभा. तिने किती प्रेमाने काढला होता! पंचविशीच्या मुलांना तो गोड वाटला. साठीच्या पुढचं प्रत्येक माणूस गप्प झालं. पानावरचा भात आणि शेजारी कावळा हे आपल्याकडे पितृपंधरवड्याचं चित्र आहे, आणि त्यावर ‘जेवायला या’ असं लिहिलं की निमंत्रण नेमकं कुणाला, हा प्रश्न मनात येतोच. हे चित्रकलेच्या कुठल्याही नियमात सापडणार नाही; ते घरात मोठी माणसं असली तरच सापडतं. तिने पान काढलं. आता काऊच्या गळ्यात पंचा आहे, हातात वाफाळती पळी, आणि तो वाढतो आहे. जेवणारा कावळा अवघड होता, वाढपी कावळा सगळ्यांना चालला. याच जुन्या समजुतींतून एक नवा स्टिकरही मिळाला. दारावर कावळा ओरडला की पाहुणे येतात, तेव्हा खिडकीत बसून बोंब ठोकणारा काऊ आणि खाली ‘पाहुणे आले!’. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ मात्र तिने संचातून काढूनच टाकली, आणि बरं केलं. दुःखाच्या निरोपात कुठलंच पात्र नको असतं, कावळा तर नकोच.

शेवटचा घोळ व्याकरणाचा. ‘पोचलो’, ‘निघालो’, ‘थकलो’ असे तीन स्टिकर होते. पाठवणारी बाई असेल तर तिने काय करायचं? इंग्रजी संच करणाऱ्याला हा विचार करावा लागत नाही, आपल्या क्रियापदाला करावा लागतो. समोरच्याला विचारतानाही तसंच: ‘जेवलास का’ आईला पाठवता येत नाही, ‘जेवलात का’ धाकट्या भावाला पाठवलं तर तो टोमणा होतो. दोन-दोन स्टिकर केले तर संच भरून जातो. त्याऐवजी वाक्यातून ‘मी’ आणि ‘तू’ उचलून बाजूला ठेवता येतात. ‘निघालो’च्या जागी ‘वाटेत आहे’, ‘थकलो’च्या जागी ‘दमछाक!’, ‘जेवलास का’च्या जागी ‘जेवण झालं?’. भूक लागते, झोप येते, राग येतो, कंटाळा येतो, हे सगळं आधीच कुणालाही चालतं. ‘पोचलो’ला मात्र तोडीचा पर्याय सापडला नाही, म्हणून तिथे ‘पोचले’ जोडीला घेतला. एकाच चित्राला दोन मजकूर आहेत, आणि सहा मोकळ्या जागांपैकी एक त्यात गेली.

हलत्या स्टिकरांचा तिचा विचार चालू आहे. त्यांना ५०० केबीची मुभा आहे, पण मजकूरही हलवायचा मोह तिला होतो आहे, अक्षरं नाचताहेत असा. कमल शेडगे नाटकांच्या जाहिरातींत शीर्षकाच्या अक्षरांतूनच नाटकाचा स्वभाव दाखवत, तेव्हा अक्षराने अभिनय करू नये असं मी कुठल्या तोंडाने म्हणणार? पण ती अक्षरं छापील होती आणि वाचणारा हवा तितका वेळ त्यांच्यासमोर थांबू शकत होता. मी तिला एवढंच सुचवलंय की काऊला हवं तितकं नाचव, मजकूर पहिल्या चौकटीपासून शेवटच्यापर्यंत एका जागी राहू दे, आणि पहिली चौकट एकटी पाहिली तरी वाचता येईल अशी ठेव. तिला हे पटलेलं नाही. ‘टेन्शन नको’ची एक हलती प्रत तिने पाठवली आहे, त्यात ‘को’ची मात्रा उडी मारते.